वेळ लावू नका

मराठीत एक वाक्य धड लिहिता येत नसेल तर माणसानं लिहू नये. फोन करावा, नाहीतर समोर बसवून सांगावं. पण प्रणय सरांना पुण्याच्या नोकरीची घाई होती आणि आमच्या मालकांना कागद पाहिजे होता, म्हणून कागद लिहिला गेला. आणि त्या कागदातल्या तीन शब्दांपायी वाळूजच्या आमच्या यार्डात एका माणसाचा हात मोडला. कोणाचा, ते सांगते. रागात सांगतेय, तेवढं सांभाळून घ्या. मला गोड बोलता येत नाही, घरी आईसुद्धा रोज हेच म्हणते.

मी मेघा. कारभारीअण्णांच्या ट्रान्सपोर्टमध्ये कॉम्प्युटरवर बसते. अण्णांचे ट्रक एमआयडीसीतल्या कंपन्यांचा माल नेतात-आणतात. माझ्याआधी या खुर्चीवर प्रणय सर होते. त्यांनीच तो प्रोग्राम लिहिला होता, ज्याला ते स्क्रिप्ट म्हणायचे आणि बाकी सगळे 'रिपोर्ट' म्हणायचे. रोज रात्री एक वाजता ती स्क्रिप्ट आपोआप चालते. कोणी बटण दाबायचं नाही, कोणी जागायचं नाही. सकाळी अण्णांच्या मोबाईलवर एक पान येतं: उभ्या गाडीच्या टाकीतलं डिझेल कुठं कमी झालं, किती कमी झालं, किती वाजता, आणि त्या वेळी गाडीवर ड्रायव्हर कोण होता.

शेवटचा रकाना ड्रायव्हरच्या नावाचा. अण्णा फक्त तोच वाचतात. अण्णांचा मुलगा शिवराज तर तेवढाच वाचतो आणि मग शर्टाच्या बाह्या वर करतो.

प्रणय सर निघाले तेव्हा अण्णा त्यांना म्हणाले, "तुझं ते इंग्रजी नको. मराठीत लिहून दे. उद्या ही पोरगीबी निघून गेली तर मला वाचता आलं पाहिजे." म्हणून सरांनी दोन पानं मराठीत लिहिली. जन्मात पहिल्यांदा मराठीत कॉम्प्युटरचं लिहीत होते, हे वाचताना कळत होतं. पण वाईट नव्हतं लिहिलेलं. खोटं कशाला बोलू.

त्यात होतं की स्क्रिप्टला तीन गोष्टी लागतात. गाडीत बसवलेला डबा दर काही मिनिटांनी जागा, वेळ आणि टाकीतलं डिझेल पाठवतो, ती फाईल. आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचा ड्युटीचा तक्ता, म्हणजे कुठल्या गाडीवर किती वाजेपर्यंत कोण. आणि पंपावर भरलेल्या डिझेलच्या पावत्या, कारण त्या नसल्या तर हिशोब लागत नाही. पुढं लिहिलं होतं, 'डब्याची फाईल रिकामी आली तर स्क्रिप्ट ओरडत नाही, गप्प बसते. रिपोर्ट कोरा आला म्हणजे चोरी झाली नाही असं समजू नका.' हे मला आवडलं होतं. मी पेनानं खूण करून ठेवली होती.

त्याखाली 'स्क्रिप्टच्या खोडी' असं शीर्षक. त्यात पहिली खोड चढाची. डिझेल मोजणारी दांडी टाकीच्या एका कडेला असते, त्यामुळं गाडी चढावर तिरकी उभी राहिली की डिझेल पलीकडच्या कडेला जातं आणि दांडीला कमी दिसतं. गाडी सपाटीला आली की आकडा परत वर येतो. 'स्क्रिप्ट फक्त घट बघते, पुढची वाढ बघत नाही. नाव कोणाला सांगण्याआधी पुढच्या ओळी डोळ्यांनी बघा.'

दुसरी खोड वेळेची. 'जुने डबे ग्रिनिचची वेळ पाठवतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. ज्या गाड्यांचे नंबर वेळेच्या यादीत आहेत त्यांना स्क्रिप्ट साडेपाच तास लावते. पुढच्या आठवड्यात चार गाड्यांना नवे डबे बसतील. त्यांचे नंबर गाड्यांच्या फाईलीत टाका. नव्या डब्यांना वेळ लावू नका.'

आता तुम्हीच सांगा. 'वेळ लावू नका' म्हणजे काय? आमच्या घरी आई रोज म्हणते, अंघोळीला वेळ लावू नको. अण्णा ड्रायव्हरला म्हणतात, माल उतरवायला वेळ लावू नका. मी वाचलं: नव्या डब्यांचं काम रेंगाळत ठेवू नका, लगेच करा. आणि मी लगेच केलं. ज्या दिवशी डबे बसले त्याच दिवशी चारही नंबर गाड्यांच्या फाईलीत टाकले, आणि वर वेळेच्या यादीतही टाकले, कारण सगळ्या गाड्या तिथं होत्याच. अण्णा म्हणाले, "पोरगी चपळ आहे." मी घरी जाऊन आईला सांगितलं.

काही दिवस काही खटकलं नाही. रिपोर्टात फक्त घट झालेल्या गाड्या येतात. त्या चार गाड्यांत घट झाली नाही, म्हणून त्या दिसल्याच नाहीत.

मग तो बुधवार उजाडला. मी नेहमीप्रमाणं शिफ्टच्या बसनं उतरले आणि फाटकातून आत आले. गॅरेजच्या बाजूनं आवाज येत होता. पहिल्यांदा वाटलं कोणी ताडपत्री झटकतंय. मग ओरडणं ऐकू आलं.

साहेबरावमामांना दोन हमालांनी ट्रकच्या मागच्या चाकाशी दाबून धरलं होतं. मामा आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, पन्नाशीचे, तोंडात कधी शिवी नाही. शिवराजच्या हातात इंजिनचा जुना पट्टा होता. पट्टा मामांच्या मानेवर पडला, मग कानावर. कानातून रक्त शर्टाच्या कॉलरवर उतरलं होतं. एक दात खाली ऑइलच्या डागात पडलेला मी डोळ्यांनी बघितला.

"अठ्ठावीस लिटर!" शिवराज ओरडत होता. "माझ्या टाकीतून अठ्ठावीस लिटर काढतो, हरामखोरा? कोणाला विकलं?"

"मालक, मी नाय काढलं. आंबेडकरांची आण घेऊन सांगतो, मी नाय."

"कागद खोटं बोलतो का मग?"

आणि त्यानं खिशातून ते पान काढलं, घडी उलगडली आणि मामांच्या रक्ताळलेल्या तोंडासमोर धरलं. माझं पान. सकाळी छापून घेतलेलं. गाडी बेचाळीस-अकरा, दौलताबादचा चढ, पहाटे चार चाळीस, ड्रायव्हर साहेबराव.

बाकीचे ड्रायव्हर चहाच्या टपरीपाशी उभे होते. एकानंही पाऊल पुढं टाकलं नाही. कारभारीअण्णा खुर्ची टाकून बसले होते, पायावर पाय, लग्नाच्या मांडवात बसावं तसे. मी म्हटलं, "अण्णा, थांबवा ना हे!" अण्णा म्हणाले, "तू आत जा. तुझं काम तू केलंस."

माझं काम! अंगाला आग लागली माझ्या.

"चार चाळीसला मी लासूर स्टेशनला होतो," मामा म्हणाले. बोलताना तोंडातून रक्ताचा फुगा आला. "मोंढ्याच्या बाजूला गाडी लावून पडलतो. दौलताबादला गेलोच नाय मी. रातच्याला बाराला गोकुळकडून गाडी घेतली आन थेट लासूर."

"मग गाडी काय उडत गेली दौलताबादला?" असं म्हणून शिवराजनं पट्टा फेकून दिला. मला क्षणभर वाटलं, सुटले मामा. पण तो गॅरेजमध्ये गेला आणि टॉमी घेऊन आला. टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवायची लोखंडी पहार, हाताएवढी लांब. कोपऱ्यात एक ब्रेकचा ड्रम पडला होता. "ह्याचा उजवा हात ठेवा ह्याच्यावर," तो हमालांना म्हणाला. "परत स्टेअरिंग धरायचा नाही हा. धा मिनिटं देतो. डिझेल कोणाला दिलं ते सांग, नाहीतर पंजा ठेवत नाही तुझा."

मामांना तीन पोरी. धाकटी अजून शाळेत आहे. ड्रायव्हरचा हात गेला म्हणजे काय होतं हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी सगळे चहाचे ग्लास धरून उभे.

मी ऑफिसात पळाले. पळताना जिन्यावर पडले, गुडघा फुटला, त्याकडं बघितलंही नाही. लॅपटॉप उघडला. साहेबरावमामा खोटं बोलणारे नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात. मग चार चाळीसला गाडी दौलताबादला कशी? रिपोर्ट उघडला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्क्रिप्ट नेहमी लिहिते, ते कोणीच वाचत नाही. मीही वाचत नव्हते. 'तयार झाला: रात्री १:०२.'

मी दोनदा वाचलं. रात्री एक वाजून दोन मिनिटांनी तयार झालेल्या कागदावर पहाटे चार चाळीसची चोरी. जी वेळ अजून आलीच नव्हती, त्या वेळेची चोरी! आणि त्या कागदावर खाली एका माणसाचे दात पडत होते.

वेळ पुढं सरकवणारी एकच गोष्ट मला माहीत होती, ते साडेपाच तास. प्रणय सरांना फोन लावला. उचलला तर हळू आवाजात म्हणतात, "मेघा, मी मीटिंगमध्ये आहे गं."

"खड्ड्यात घाला मीटिंग! बेचाळीस-अकराची वेळ पुढं का दाखवतंय? साडेपाच तास पुढं दाखवतंय!"

"बेचाळीस-अकरा? नवा डबा ना तो? नवे डबे आपलीच वेळ पाठवतात. मी लिहिलंय की, नव्या डब्यांना वेळ लावू नका."

"मी कुठं वेळ लावला? डबे बसले त्याच दिवशी टाकले मी!"

"कुठं टाकले?"

"वेळेच्या यादीत."

सर म्हणाले, "अगं... वेळ लावू नका म्हणजे साडेपाच तास लावू नका. जोडू नका. त्या यादीत टाकायचेच नव्हते."

"मग जोडू नका लिहायचं ना!" मी किंचाळले. "मराठी येत नाही का तुम्हाला? इथं माणूस मारतायत माणूस!" आणि फोन आपटला. त्यांचा फोन परत आला, मी उचलला नाही.

बेचाळीस-अकरा यादीतून काढला, स्क्रिप्ट हातानं परत चालवली. ती काही सेकंदांत चालते. नवं पान आलं. तीच गाडी, तोच दौलताबादचा चढ, तेच अठ्ठावीस लिटर. वेळ रात्री अकरा दहा. ड्रायव्हरच्या रकान्यात गोकुळ.

गोकुळ आणि साहेबरावमामा एकाच गाडीचे जोडीदार. एक उतरतो, दुसरा चढतो. गोकुळ मामांपेक्षा लहान, सारखा गाणी म्हणणारा, मामांच्या डब्यातली भाकरी हक्कानं खाणारा. माझ्या मनात आलं का, की हे नाव आता कसं सांगू? खरं सांगते, नाही आलं. खिडकीतून मला ब्रेकचा ड्रम दिसत होता आणि त्यावर मामांचा पंजा. दोघांनी मनगट दाबून धरलेलं. शिवराजनं टॉमी दोन्ही हातांनी वर उचलली होती.

मी खिडकीतूनच ओरडले. "मामा नव्हते! वेळ चुकली होती! अकरा दहाला गाडीवर गोकुळ होता! रिपोर्टात गोकुळ आहे!"

टॉमी खाली आली नाही. अण्णांनी हात वर केला म्हणून नाही आली. सगळ्या यार्डानं माना वळवल्या. मी माझ्या तोंडानं एक हात वाचवला होता. लई बरं वाटलं मला. अगदी ऊर भरून आला, हसू नका.

गोकुळ नळापाशी होता. दुपारच्या ड्युटीसाठी लवकर आला होता, टॉवेल खांद्यावर, तोंडाला साबण. हे असं काही चाललंय हे त्याला कळलं असावं, पण तो नळाच्या भिंतीआड राहिला होता. त्याला ओढत आणला. डोळ्यांत साबण गेला होता, त्याला समोरचं दिसतही नव्हतं. पहिली लाथ पोटात बसली तेव्हा कोण मारतंय हेही त्याला कळलं नाही.

"मी जेवायला थांबलतो तिथं," तो म्हणत होता. "ढाब्यावर जेवलो, आन बाराच्या आत गाडी आणून मामाला दिली. इचारा मामाला."

मी खाली आले होते. लॅपटॉप काखेत होता, नवं पान त्यावर उघडं. मी म्हणाले, "थांबा, मला अजून बघू द्या," पण हे मी इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं नाही. मघाशी खिडकीतून यार्डभर ऐकू गेलं होतं.

शिवराजला भलतंच सुचलं. त्यानं मामांना सोडायला लावलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, खिशातला रुमाल काढून त्यांच्या तोंडावरचं रक्तसुद्धा पुसलं. "मामा, माफ करा," म्हणाला. "ह्यानं तुमच्या नावावर खपवलं. स्वतः चोरी केली आन मार तुम्हाला खायला लावला. जोडीदार म्हणे!" आणि टॉमी मामांच्या हातात दिली. "तुम्हीच मारा."

मला वाटलं मामा टॉमी टाकून देतील. सगळ्यांना तसंच वाटलं असेल. मामा तिथंच उभे राहिले, टॉमीकडं बघत. त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता. मग त्यांनी गोकुळकडं बघितलं.

"तू काढलंस?"

"मामा, आईची शपथ..."

"तू काढलंस आन मला सांगितलं नाय. गाडी देताना हसत व्हतास."

"मामा, मी नाय..."

हमालांनी गोकुळचा हात ड्रमवर ठेवला होता. मामांनी टॉमी उचलली आणि मारली. एकदाच. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसतो. वाळलेली काडी मोडावी तेवढाच होतो. गोकुळ ओरडला नाही. आधी त्यानं आपल्या हाताकडं बघितलं, मनगटाच्या वर हात भलतीकडं वळला होता, आणि मग तो ओरडला. आणि मामांनी परत टॉमी उचलली.

मी तोवर खाली बसले होते, लॅपटॉप मांडीवर, पुढच्या ओळी सरकवत. प्रणय सरांनी लिहिलेलं, नाव कोणाला सांगण्याआधी पुढच्या ओळी डोळ्यांनी बघा. मी नाव सांगून झाल्यावर बघत होते. अकरा दहाला घट. तिथपासून गाडी उभी, आकडा तसाच खाली. मग इंजिन सुरू. गाडी चढ सोडून खालच्या सपाट रस्त्याला आली. आणि आकडा वर. सत्तावीस लिटर, अठ्ठावीस लिटर. सगळं डिझेल जिथल्या तिथं. मधे पंपाची पावती नाही. कोणी काढलं नाही, कोणी भरलं नाही. गाडी तिरकी उभी होती आणि एक माणूस जेवत होता. एवढंच झालं होतं त्या रात्री.

"डिझेल आहे!" मी उठून ओरडले. "डिझेल टाकीतच आहे! चोरी झालीच नाही! कोणीच काही काढलं नाही!"

मामांचा हात वरच्या वर थांबला.

मी लॅपटॉप घेऊन अण्णांपुढं गेले. दाखवलं. चढ म्हणजे काय, दांडी म्हणजे काय, सगळं एका दमात सांगितलं. अण्णांनी चष्मा लावला, आकडे बघितले, शांतपणे. मग चष्मा काढला.

"म्हणजे डिझेल टाकीतच होतं."

"होतं, अण्णा."

"मग बरं झालं," अण्णा म्हणाले. "नुकसान काही झालं नाही." आणि उठून शिवराजला म्हणाले, "चल, बेचाळीस-अकराला दुसरा ड्रायव्हर बघ. कंपनीचा माल खोळंबलाय."

शिवराज हसला. लाजून हसतात तसा. "च्यायला," म्हणाला, "कॉम्प्युटरबी काय काय करतो."

मग मला काय झालं मला माहीत नाही. माहीत आहे, खोटं कशाला बोलू. मी लॅपटॉप मिटला, दोन्ही हातांनी धरला आणि कडेनं त्याच्या तोंडावर हाणला. नाकावर बसला. त्याचं रक्त माझ्या ओढणीवर उडालं. परत हाणला, तो कपाळावर. तिसऱ्यांदा उचलला तेवढ्यात त्यानं माझ्या कानाखाली अशी मारली की मी चाकापाशी जाऊन पडले. तो माझ्या अंगावर आला, केस धरले आणि डोकं टायरवर आपटलं. तेव्हा कुठं टपरीपाशीचे ड्रायव्हर हलले. पोरीवर हात टाकला म्हणून हलले. तोवर दोन माणसं त्यांच्यासमोर मोडली होती ते त्यांना चाललं होतं.

त्यांनी शिवराजला ओढून बाजूला नेला. कोणीतरी रिक्षा बोलावली. गोकुळचा हात मामांनीच आपल्या टॉवेलात गुंडाळला, दोन लाकडी फळ्या लावून, हळूहळू, गाठ मारताना "दुखतंय का रं" असं विचारत. आम्ही तिघं रिक्षात बसलो, मधे गोकुळ. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. रिक्षा वाळूजजवळच्या पंढरपूरच्या चौकातून शहराकडं वळली, दोन्ही बाजूंनी कंपन्यांच्या बस चालल्या होत्या.

शहराच्या कडेची छावणी आली तेव्हा गोकुळ मामांकडं न बघता म्हणाला, "शिवराजनं मारलं असतं तर मला काय वाटलं नसतं. त्याचं कामच हाय ते. तू का मारलंस रं मामा? तुला तर ठाव हाय मी कसा हाय ते."

मामांनी तोंडातलं रक्त रिक्षाच्या बाहेर थुंकलं. "ताईनं सांगितलं ना," ते म्हणाले. "रिपोर्टात तुझं नाव आलं म्हणून."

"आरं पर त्याच रिपोर्टात सकाळी तुझं नाव व्हतं! तू तर काढलं नव्हतंस ना? मग माझं नाव आल्यावर ते खरं कसं झालं?"

मी मामांकडं बघू शकत नव्हते. मला रडू येत होतं आणि रडायचा माझा काही हक्क नव्हता, म्हणून मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते.

"व्हय," मामा म्हणाले. "माझंबी नाव व्हतं." मग सुजल्या तोंडानं, हळू, जणू कोणी ऐकलं तर परत मारेल असं म्हणाले, "आन खरं सांगू का, गोकुळ? मार खाता खाता मलाबी वाटाया लागलतं. म्हणलं, लासूरला झोपलतो तवा झोपंत मीच तर नसंल ना काढलं."

गोकुळनं चांगला हात मामांच्या मांडीवर ठेवला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, जरा जोरात घ्या.